ताईंच्या रजेआधी शेवटचं मोड्यूल

आमच्या ऑफिसात कुठल्याही प्रश्नाला एकच उत्तर होतं: ताईंना फोन लावा.

यवतमाळात एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर आम्ही जिनिंग मिलसाठी सॉफ्टवेअर करतो. कापसाची गाडी फाटकातून आत आली की तिची नोंद, मग कापसाची ओल, भरल्या गाडीचं वजन, कापूस खाली केल्यावर रिकाम्या गाडीचं वजन आणि शेवटी पावती, एवढं सगळं आमचा प्रोग्रॅम करतो. खालच्या दुकानातल्या कीटकनाशकांचा वास जिन्यातून वर येतो. बाहेरून आलेला माणूस शिंकतो, आम्ही आता शिंकत नाही.

हा प्रोग्रॅम पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत आहे आणि त्यातला बहुतेक भाग ताईंनी लिहिलेला. ताई दारव्ह्याकडच्या एका बंजारा तांड्यातल्या. वयाने माझ्याहून थोड्याच मोठ्या, पण आमचे मालकही त्यांना ताईच म्हणत. मालकांना आम्ही भाऊ म्हणायचो. भाऊ बाभुळगावच्या कास्तकाराच्या घरचे; त्यांना कापूस कळायचा, माणसं कळायची, कॉम्प्युटर फक्त चालू-बंद करता यायचा. तो धंदा करायला एवढं पुरतं.

आता पायथॉन हा स्वभावाने मोकळाढाकळा गडी. एखाद्या फंक्शनला, म्हणजे प्रोग्रॅममधल्या एका कामाच्या तुकड्याला, तुम्ही आकडा द्या, अक्षरं द्या, काहीच देऊ नका, तो आधी विचारत नाही. ते परत काय देणार, हेही कुठे लिहून ठेवायची सक्ती नाही. आमच्या कोडात ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. कुठल्या फंक्शनमधून वजन आकडा म्हणून येतं, कुठून अक्षरं म्हणून येतं, दिसायला आकडाच पण बेरीज होत नाही असं, आणि कुठून काहीच येत नाही, हे फक्त ताईंच्या डोक्यात होतं. म्हणून प्रत्येक मिलमध्ये कॉम्प्युटरच्या मागच्या भिंतीवर ताईंचा नंबर चिकटवलेला असायचा. त्याच्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं: अडचण आल्यास.

अडचण रोजच यायची.

ताई फोन घ्यायच्या, सांगायच्या, आणि शेवटी विचारायच्या, "आनखी काही?" समोरच्याने ठेवल्याशिवाय त्यांनी फोन ठेवलेला मी कधी पाहिला नाही. समोरचा माणूस पाणी पिऊन येतो म्हणाला तरी त्या कानाला लावून थांबायच्या. मला याचा राग यायचा. राग मला तसाही लवकर येतो, पण हा खरा होता.

पहिल्या बाळंतपणाच्या वेळीही तेच झालं. ताई दवाखान्यात खाटेवर, बाळ एका दिवसाचं, आणि एका मिलची पावती निघेना. फोन गेला. त्यांच्या आईने एका हातावर बाळ धरलं आणि दुसऱ्या हाताने ताईंच्या कानाला फोन. ताईंनी पडल्या पडल्या सांगितलं, "ते अक्षरं म्हणून येते, आकडा करून घ्या मंग बेरीज करा." पावती निघाली. तांड्यात आईला याडी म्हणतात. ही याडी नंतर डबा द्यायला ऑफिसात आली तेव्हा तिने आम्हा सगळ्यांकडे असं पाहिलं, की भाऊ उठून खाली खताच्या गोण्या बघायला गेले. खताशी त्यांचा काही संबंध नव्हता.

दुसऱ्या वेळेला दिवस गेले तेव्हा ताईंनी सरळ भाऊंपुढे विषय काढला.

"भाऊ, सीझन लागते तवा मी रजेवर राहीन. या खेपेला मले फोन नको."

"नाई करत ना ताई," भाऊ म्हणाले.

"मागच्या खेपेलेही तुम्ही हेच म्हटलं होतं."

ताईंनी मग उपाय सांगितला. मायपाय म्हणून एक तपासणीस आहे. प्रत्येक फंक्शन काय घेतं आणि काय देतं, हे आपण त्याच्या माथ्यावर लिहायचं. मायपाय प्रोग्रॅम न चालवता नुसता वाचून सांगतो, की इथे तुम्ही आकडा म्हणालात आणि देताय अक्षरं. हा तपासणीस पाइपलाइनमध्ये बसवायचा. पाइपलाइन म्हणजे आमची वाट: आम्ही कोणीही कोड चढवला की तो आधी सर्व्हरवर तपासला जातो, हिरवा आला तर मिलकडे जातो, लाल आला तर तिथेच अडतो.

"मंग प्रोग्रॅम फास्ट चालीन?" भाऊंनी विचारलं.

"नाई. हाय तसाच चालीन."

"मंग कायले करून राह्यलो आपण?"

"तुम्हाले मले फोन करा लागू नये म्हणून."

भाऊंनी पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाले, सगळी मोड्यूलं, म्हणजे प्रोग्रॅमचे सगळे भाग, रजेआधी झाली, तर भिंतीवरचे नंबर ते स्वतः जाऊन काढतील. नाही झाली, तर नंबर राहतील. धंदा आहे, त्यांचाही इलाज नाही. ताई म्हणाल्या ठीक. एवढा साधा सौदा होता, आणि त्यात एका बाईचं बाळंतपण पणाला लागलं होतं. कोणालाच तो विचित्र वाटला नाही. मला वाटला, पण मी तेव्हा बोललो नाही. माझ्यासमोर चहा होता.

मायपाय बसवायचं काम पुणेवाल्याकडे गेलं. हा पुण्याचा नव्हे, आर्णीचा. काही वर्षं पुण्यात नोकरी करून परत आला म्हणून पुणेवाला. त्याने सकाळी बसवलं, सगळ्या कोडावर चालवलं आणि खुर्ची मागे सरकवून उभा राहिला. पडद्यावर लिहून आलं होतं की कुठेच काही चूक नाही.

सगळा कोड, पहिल्याच फटक्यात, स्वच्छ. भाऊंनी खालून आलुबोंडे मागवले. पुणेवाल्याने आधी दोन खाल्ले. ताई दवाखान्यात तपासणीला गेल्या होत्या, त्या आल्या, पडदा पाहिला, बोंडा हातात घेतला आणि शांतपणे म्हणाल्या, "यानं पाह्यलंच नाही."

"काय नाही पाह्यलं?"

"ज्या फंक्शनवर काही लिहिलं नाही, त्याच्या आतमंधी हा डोकावतच नाही. तसं सांगितल्याबिगर. आपल्या एकाही फंक्शनवर काही लिहिलेलं नाही. मंग याले चूक दिसन कुठून?"

म्हणजे आम्ही तपासणीसाला गोडाऊन तपासायला बोलावलं होतं, दारं बंद ठेवली होती, आणि त्याने बाहेरून सही केली होती. आलुबोंडे तोवर संपले होते. भाऊंनी तरीही विचारलं, की हा हिरवाच ठेवला तर काय बिघडतं.

ताईंनी रीत घालून दिली. सगळी दारं एकदम उघडायची नाहीत. ती उघडून पाहिली होती त्यांनी एकदा. पडदा तांबड्या ओळींनी भरून वाहत होता आणि पुणेवाला पुण्याला परत जायचं बोलायला लागला होता. त्यापेक्षा एका वेळी एकच मोड्यूल. सेटिंगच्या फाइलमध्ये त्या मोड्यूलचं नाव लिहायचं, की इथे प्रत्येक फंक्शनवर लिहिलेलंच पाहिजे, नाहीतर लाल. बाकीची मोड्यूलं होती तशी ढिली. एक झालं की दुसऱ्याचं नाव. आणि एकदा आत गेलेलं नाव बाहेर काढायचं नाही, हा नियम.

सुरुवात कुठून, यावर मी वाद घातला. मला वाटत होतं वजनापासून करावी, कारण सगळी भानगड तिथेच. ताई म्हणाल्या नाही, जे मोड्यूल दुसऱ्या कोणावर अवलंबून नाही तिथून. कारण तुम्ही लिहिलेल्या मोड्यूलने न लिहिलेल्या मोड्यूलला काही विचारलं, तर उत्तराला मायपाय 'Any' म्हणतो, म्हणजे काहीही. आणि काहीही कशातही चालतं. पुणेवाल्याने त्याला नाव ठेवलं, कायपण. खाली कायपण असेल तर वरची तपासणी पोकळ.

"आमचे आजे-पणजे बैलावर माल न्यायचे," ताई म्हणाल्या. "नदी लागली की गोणीत काय हाय ते पाह्यल्याबिगर बैल उतरवत नव्हते. मीठ असलं त?"

वाद मी हरलो.

फाटकाचं मोड्यूल झालं, पावतीच्या मजकुराचं झालं. काम कंटाळवाणं होतं, हे सांगितलं पाहिजे. लोकांना वाटतं कॉम्प्युटरच्या कामात दिवसभर बुद्धी लागते. बुद्धी थोडी लागते, बसणं फार लागतं. पुणेवाल्याने एकदा घाईने लाल ओळींच्या शेवटी 'इथे दुर्लक्ष कर' अशी टिप्पणी टाकून दिली. मायपाय ती मुकाट पाळतो आणि हिरवा होतो. ताईंनी ते पाहिलं आणि सेटिंग बदललं. आता दुर्लक्ष करायचं असेल तर नेमक्या कुठल्या चुकीकडे, ते तिथेच नमूद केल्याशिवाय पाइपलाइन सोडेना. तेवढं लिहिण्यापेक्षा चूक सुधारणं सोपं पडायचं. पुणेवाला म्हणाला, हा जुलूम आहे. मी त्याच्या बाजूने होतो.

मग ओलीचं मोड्यूल आलं आणि मी बाजू बदलली.

कापूस किती ओला आहे ते यंत्र मोजतं आणि आकडा तारेतून कॉम्प्युटरकडे पाठवतं. मर्यादेपेक्षा जास्त ओल असली की पडदा लाल होतो. त्या फंक्शनच्या माथ्यावर मी लिहिलं, की हे दशांशातला आकडा देतं. कोणीही तेच लिहिलं असतं. मायपाय म्हणाला, देत नाही, अक्षरं देतं. तारेतून येतं ते अक्षरांच्या रूपात, आणि ते आकड्यात बदलायचं राहून गेलं होतं. सेटिंगमधून वाचलेली मर्यादाही एका मिलमध्ये अक्षरंच होती. अक्षरं पायथॉन शब्दकोशासारखी लावतो, पहिल्या अक्षरापासून. मर्यादा बाराची, आणि बाराचं पहिलं अक्षर एक, त्यामुळे त्याच्या मते नऊ हे बारापेक्षा मोठे. त्या मिलमध्ये चांगला कोरडा कापूस आला की पडदा लाल व्हायचा.

मी मिलमध्ये फोन लावला. तिथला ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारा माणूस, म्हणाला, "लाल त रोजच येते. आपण हाताने पाह्यतो, कोरडा असला की पुढं दाबून देतो. त्यात काय?" कोणी तक्रार केली नव्हती, कारण कोणी पडद्यावर विश्वासच ठेवत नव्हतं. फक्त एकदा हा ग्रेडर लग्नाला गेला होता आणि त्याच्या जागी बसलेल्या माणसाने पडद्यावरचं खरं मानून एक गाडी वाळवायला परत पाठवली.

ही गाडी भाऊंच्या काकांची होती. काका तेव्हापासून बाभुळगावात, बसस्टँडवर, लग्नकार्यात, भेटेल त्याला सांगत होते की पुतण्याचं मशीन येडं आहे. भाऊ त्यावर सगळ्यांना सांगत होते की काकांचं वय झालं. आता दोघांतला एकच खरा होता आणि तो वयस्कर होता. भाऊंनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काकाले कोन सांगीन?"

कोणीच सांगितलं नाही. कोड दुरुस्त झाला.

शेवटी उरलं वजन. ते सगळ्यांच्या वर बसलेलं, म्हणून शेवटी. रजा तोंडावर आली होती. ताई जिना चढून आल्या की आधी खुर्चीवर बसून दम घ्यायच्या. आणि कापूस फुटायला लागला होता, मिलवाले विचारत होते नवीन प्रोग्रॅम कधी. वजनाच्या मोड्यूलचं नाव यादीत टाकल्यावर पाइपलाइन जी लाल झाली, ती लालच राहिली.

कारण एकच फंक्शन. रिकाम्या गाडीचं वजन. त्याला विचारलं की ते कधी आकडा द्यायचं. कधी काहीच द्यायचं नाही, म्हणजे गाडीवाला कापूस खाली करून चहाला गेला आहे, अजून काट्यावर आलेला नाही. आणि कधी 'जुनं' एवढा शब्द द्यायचं. हा शब्द म्हणजे आपल्याकडची रीत. नेहमीची गाडी असली, मागे मोठी रांग असली, की काटेवाला म्हणतो, जाऊ दे बाप्पा, मागच्या खेपेचं वजन धरू. आता भरल्या वजनातून यातलं काय वजा करायचं? आकडा होतो. काहीच नाही, ते होत नाही. 'जुनं' हा शब्द तर मुळीच होत नाही. मायपायने प्रत्येक वजाबाकीखाली तेच लिहिलं होतं. कुठल्या जागी काय धरायचं, ते आतापर्यंत ताई फोनवर सांगत आल्या होत्या.

भाऊ आले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "सीझन लागून राह्यला. हे तपासनं पाइपलाइनमधून काढून टाका सध्या. दिवाळीनंतर पाहू."

"काढा," ताई म्हणाल्या. आवाज अजिबात चढला नाही. "दिवाळीनंतर कोन पाह्यन? मी त दवाखान्यात राहीन. मंग तुम्ही मलेच फोन लावान."

"एखाददुसरा, ताई."

"मागच्या खेपेले माह्या पोरीचं पहिल्या दिवसाचं रडनं मी फोन कानाला लावून ऐकलं, भाऊ. एका कानानं. दुसऱ्या कानात तुमचा मिलवाला होता."

माझा राग इतक्या वेळ कोडावर होता, तो जागा सोडून वर आला. मी म्हणालो, "भाऊ, काकाची गाडी परत गेलती ते आठवते का? ते या तपासन्यानं सापडलं. काढायचं असन त आधी बाभुळगावले जाऊन काकाले सांगून या."

असं मालकाशी बोलू नये. भाऊ दाराकडे वळले. मग म्हणाले, "करा मंग. पन लवकर करा," आणि खाली गेले. खताच्या गोण्या बघायला असणार.

आम्ही बसलो. ताई सांगायच्या, मी लिहायचो, पुणेवाला चढवायचा. ताईंनी त्या एका उत्तराचे तीन वेगळे प्रकार केले: मोजलेलं, बाकी, जुनं. जिथे जिथे रिकामं वजन वापरलं आहे, तिथे तिन्ही प्रकारांचं काय करायचं ते लिहिलंच पाहिजे, आणि तीनही संपल्यानंतर शेवटी एक ओळ, की इथवर कोणी पोचूच शकत नाही. एखादा प्रकार सुटला तर मायपाय त्याच ओळीवर बोट ठेवतो, पोचतो की, हा पाहा. पावतीत 'बाकी' असेल तर रेघ छापायची. दिवसाच्या बेरजेत ती गाडी धरायचीच नाही. 'जुनं' असेल तर पावतीवर तसं लिहायचं, शेतकऱ्याला कळलं पाहिजे. ताई एकेक सांगत होत्या आणि मला दिसत होतं, की इतकी वर्षं ही बाई हे सगळं डोक्यात घेऊन भाजी आणत होती, पोरीला शाळेत सोडत होती. मला त्यांची लाज नाही, आमची वाटली.

रजेवर जायच्या दिवशी दुपारी पाइपलाइन हिरवी झाली. या वेळी आलुबोंडे कोणी मागवले नाहीत. ताईंनी पर्स उचलली, जिन्याच्या दारात थांबल्या आणि म्हणाल्या, "काही अडलं त..." उतरून गेल्या.

भाऊ शब्दाला जागले. गाडी काढून एकेका मिलमध्ये गेले आणि ताईंच्या नंबरावर ऑफिसचा नंबर चिकटवून आले.

सीझन लागला. एका मिलचा मोठा काटा बिघडला आणि ते रिकाम्या गाड्या शेजारच्या मिलच्या काट्यावर मोजून चिठ्ठी आणायला लागले. रिकाम्या वजनाचा हा चौथा प्रकार. पुणेवाल्याने तो कोडात घातला, चढवला, आणि पाइपलाइन लाल झाली. त्याचा हात सवयीने फोनकडे गेला. ताईंचं नाव पडद्यावर आलंही होतं.

"ठेव," मी म्हणालो. "लाल वाच."

लाल ओळींत लिहिलेलं होतं: पावतीत चौथ्याचं काय ते सांगितलं नाही. दिवसाच्या बेरजेत सांगितलं नाही. महिन्याच्या अहवालात सांगितलं नाही. अहवाल आम्हा दोघांच्याही लक्षात नव्हता. ताईंच्या राहिला असता. आम्ही एकेक जागी लिहिलं, जिथे कळेना तिथे मिलच्या काटेवाल्यालाच विचारलं, आणि जेवायच्या आधी हिरवं झालं. ताईंना त्या वेळी बाळ होऊन आठवडा झाला होता. मुलगा झाल्याचं आम्हाला याडीकडून कळलं होतं.

त्याच संध्याकाळी ऑफिसचा फोन वाजला. ताई होत्या.

"काहून, बरे हाय ना सगळे? फोन नाही आला कोनाचा. मले वाटलं माहाच फोन बंद पडला."

मी म्हणालो, सगळं ठीक आहे. चौथ्या प्रकाराचं सांगितलं. त्या ऐकत होत्या. "बेरजेत धरला ना?" धरला. "अन् महिन्याच्या अहवालात?" तिथेही. "कोनी सांगितलं?" पाइपलाइननं, मी म्हणालो.

"असं का," ताई म्हणाल्या. आवाज थोडा पडल्यासारखा वाटला. हे व्हावं म्हणूनच तर त्यांनी सगळं केलं होतं, आणि ते झालं आहे हे कळल्यावर माणसाला काय वाटतं, ते मला तेव्हा थोडं कळलं. मी पुढच्या नेहमीच्या प्रश्नाची वाट पाहत राहिलो, आनखी काही?

मागे बाळ रडायला लागलं.

"ठेवते," ताई म्हणाल्या, आणि फोन ठेवून दिला.

मी रिसीव्हर कानालाच धरून बसलो. पुणेवाल्याने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, काही नाही, ताईंनी फोन ठेवला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.